वॉर्डरोब आणि फळ्यांसाठी सागवान, प्लाय की बोर्ड? नाशिककरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

१. नाशिकची हवा तर कोरडी. मग कोकणासारखा दमटपणाचा विचार आम्ही का करायचा?

कारण लाकडाला नुसता दमटपणा जेवढा त्रास देत नाही, तेवढा चढउतार देतो. कोकणात हवा वर्षभर दमट असते, त्यामुळे लाकूड एकदा फुगतं आणि बऱ्यापैकी तिथेच राहतं. नाशिकला मे महिन्याच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांपर्यंत उतरते आणि जुलै-ऑगस्टमध्ये दिवसचे दिवस ८० टक्क्यांच्या वर असते. दोन महिन्यांत एवढी झेप. लाकूड दरवर्षी एकदा आकसतं, एकदा फुगतं. सांधे, स्क्रू, चिकटवलेल्या कडा या ओढाताणीत सैल होतात.

त्यात शहरातही फरक आहे. गंगापूर धरणाकडचा भाग, गोदाकाठची जुनी घरं आणि सातपूरच्या पुढे त्र्यंबक रस्त्याला लागलेल्या सोसायट्या यांना पावसाचा मार जास्त. नाशिकरोड, आडगाव बाजूला थोडा कमी. पण तुमच्या कपाटासाठी शहराच्या हवेपेक्षाही ते कुठल्या भिंतीला लागलंय हे महत्त्वाचं. त्यासाठी प्रश्न ४ पहा.

२. सागवान, प्लाय, एमडीएफ, पार्टिकल बोर्ड यांत नेमका फरक काय?

सागवान म्हणजे सलग लाकूड. ते रुंदीच्या दिशेने हलतं, लांबीच्या दिशेने जवळजवळ नाही. प्लायमध्ये लाकडाचे पातळ पापुद्रे एकाआड एक आडवे-उभे चिकटवलेले असतात, म्हणून एक थर दुसऱ्याला हलू देत नाही. ब्लॉकबोर्डात बाहेरून पापुद्रे आणि आत लाकडाच्या पट्ट्या असतात. लांब दारांसाठी तो सरळ राहतो. एमडीएफमध्ये लाकडाचा तंतू, पार्टिकल बोर्डात लाकडाचा चुरा गोंदात दाबलेला असतो. एचडीएचएमआर हा एमडीएफचाच जास्त दाबलेला, ओलाव्याला जास्त टिकणारा भाऊ.

पाणी लागल्यावर प्रत्येकाचं वागणं वेगळं. सागवान फुगतं आणि वाळल्यावर बहुतेक पूर्ववत होतं. चांगला प्लाय थोडा फुगतो, वाळतो. पार्टिकल बोर्ड फुगतो आणि पूर्ववत होत नाही, कारण चुऱ्याचे दाबलेले कण एकदा मोकळे झाले की पुन्हा दाबायला कोणी नसतं.

३. मग सगळं कपाट कशात करावं? एकच उत्तर द्या.

एकच उत्तर द्यायचं तर असं: संपूर्ण कपाट एकाच वस्तूत करू नका. पाणी कुठून येणार आणि वजन कुठे पडणार हे पाहून जागेप्रमाणे माल निवडा.

जमिनीला टेकणारा भाग लाकडाचा नकोच. तिथे ग्रॅनाइट, कडाप्पा किंवा डब्ल्यूपीसी, म्हणजे लाकडाचा भुसा मिसळलेला प्लास्टिकचा बोर्ड. बाजू, तळ, उभ्या पार्टिशन आणि पाठ बीडब्ल्यूपी प्लायची, म्हणजे उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या प्लायची; त्याबद्दल प्रश्न ६ पहा. दारं ब्लॉकबोर्डाची किंवा एचडीएचएमआरची. आतल्या फळ्या प्लायच्या, किंवा अंतर कमी असेल तर एचडीएचएमआरच्याही चालतात. सागवान कडांच्या पट्ट्यांसाठी, दाराच्या चौकटीसाठी आणि जिथे हात रोज लागतो तिथे. पार्टिकल बोर्ड बाहेरच्या किंवा बाथरूमच्या भिंतीपासून दूर, मधल्या कोरड्या भिंतीला, हलक्या सामानासाठी. ही वाटणी प्रत्यक्षात कशी होते ते प्रश्न ५ मध्ये मापांसकट दिलंय.

४. आमचा वॉर्डरोब बाथरूमच्या पाठच्या भिंतीला येतोय. भिंतीत ओल आहे की नाही हे सुतार यायच्या आधी कसं कळेल?

साधी चाचणी आहे आणि ती चुकवू नका, कारण बहुतेक कपाटं मालामुळे नव्हे, भिंतीमुळे जातात.

साधारण दोन फूट बाय दोन फूट जाड पारदर्शक प्लास्टिक घ्या. भिंतीवर जमिनीपासून फूटभर उंचीवर लावा आणि चारही कडा रुंद चिकटपट्टीने बंद करा; मधून हवा जाता कामा नये. दुसरा तुकडा बाथरूमच्या नळाच्या आणि शॉवरच्या उंचीला लावा. बाथरूमचा वापर नेहमीसारखा चालू ठेवा. ४८ तासांनी पहा. थेंब प्लास्टिकच्या भिंतीकडच्या बाजूला असतील तर ओल भिंतीतून येतेय. थेंब खोलीच्या बाजूला असतील तर भिंत थंड आहे आणि खोलीतली हवा तिथे घाम काढतेय. दोन्हींचे उपाय वेगळे.

पहिल्या प्रकारात आधी बाथरूम दुरुस्त करा: टाइल्सच्या फटी, कोपऱ्यातली भरणी, भिंतीतल्या पाइपचा सांधा. दुरुस्तीनंतर भिंत वाळायला वेळ लागतो, आणि तो आठवड्यांत नव्हे तर महिन्यांत मोजावा लागतो. प्लास्टिकची चाचणी कोरडी येईपर्यंत थांबा. वरून वॉटरप्रूफ रंग मारून लगेच कपाट लावण्याचा मोह होतो. ओल मग त्या रंगामागून वर चढते आणि कपाटाच्या वर फुटते. दुसऱ्या प्रकारात भिंत आणि कपाट यांच्यात हवेची फट हवी. ती पुढच्या प्रश्नात आहे.

पश्चिमेची बाहेरची भिंत असेल तर चाचणी जुलैतच करा. पाऊस बहुतेक त्याच बाजूने येतो. मे महिन्यात तीच भिंत तुम्हाला कोरडी ठणठणीत दिसेल.

५. एक उदाहरण मापांसह सांगाल का? सहा फूट रुंद, सात फूट उंच वॉर्डरोब, मागे बाथरूमची भिंत.

समजा चाचणी कोरडी आली आहे. सहा फुटांचे दोन-दोन फुटांचे तीन कप्पे करा. दोन कप्प्यांत प्रत्येकी तीन फळ्या, तिसरा कपडे टांगायला. तीन फुटांचे दोन कप्पे का नकोत, ते प्रश्न १० मध्ये आहे.

१८ मिमी बीडब्ल्यूपी प्लायची आठ बाय चारची शीट मधोमध उभी कापली की दोन पट्ट्या निघतात. करवतीच्या पात्यात तीनेक मिमी जातात, म्हणून प्रत्येक पट्टी पूर्ण दोन फुटांची न राहता ६०८ मिमी भरते. चार उभे भाग, म्हणजे दोन बाजू आणि दोन पार्टिशन, दोन शीटमध्ये बसतात. वरचा आणि तळाचा सहा फुटी भाग तिसऱ्या शीटमध्ये, आणि त्याच शीटचे उरलेले दोन तुकडे दोन फळ्या होतात. उरलेल्या चार फळ्या चौथ्या शीटच्या अर्ध्या भागातून. म्हणजे हिशेब साडेतीन शीटचा, घ्यायच्या चार. उरलेली पट्टी ड्रॉवरच्या बाजूंना उपयोगी येते.

मागे ६ मिमी प्लायच्या सात बाय चारच्या दोन शीट. त्यांचा जोड चार फुटांवर आणा. तिथे बरोबर पार्टिशन येतं, जोड त्याच्या पाठीवर स्क्रूने बसतो आणि आतून दिसतही नाही.

दारं दोन फुटी तीन. सात फूट उंचीचं एचडीएचएमआरचं दार सनमायकासकट वीस किलोच्या वर जातं, म्हणून त्याला पाच बिजागऱ्या. ब्लॉकबोर्डाचं हलकं असतं, त्याला चार पुरतात.

आता बसवण्याचा भाग, जो बिलात दिसत नाही. तळाखाली चार इंच उंचीची ग्रॅनाइटची किंवा डब्ल्यूपीसीची बैठक. त्या बैठकीला पुढून दोन-तीन जाळीदार भोकं. भिंत आणि मागचा प्लाय यांच्यात एक इंचाची फट. त्यासाठी भिंतीवर २५ मिमी जाड डब्ल्यूपीसीचे तुकडे स्क्रूने बसवून कपाट त्यांच्यावर टेकवा. वर कपाट आणि छत यांच्यात किमान दोन इंच मोकळे ठेवा, लॉफ्ट छताला भिडत असेल तर तिथे जाळी लावा. हवा खालून शिरते, मागून वर जाते. फटीत थर्मोकोल किंवा प्लास्टिक भरू नका; हवा थांबली की फट असून नसल्यासारखी.

एकूण खोली भिंतीपासून किती येते ते पलंग ठरवण्याआधी मोजा: फट २५, मागचा प्लाय ६, बाजू ६०८, दार १८. सगळे मिळून ६५७ मिमी, म्हणजे जवळपास २६ इंच. दोन फूट धरून पलंग ठेवला की दार उघडत नाही आणि मग सुतार पहिली गोष्ट काढतो ती मागची फट.

६. एमआर, बीडब्ल्यूआर, बीडब्ल्यूपी, मरीन… दुकानदार म्हणतो सगळं सारखंच. कुठलं घ्यावं?

सारखं नाही. फरक मुख्यतः गोंदाचा आहे. एमआर प्लाय हवेतला दमटपणा सहन करतो, पाणी नाही. बीडब्ल्यूआर उकळत्या पाण्यात काही तास टिकतो. बीडब्ल्यूपी, ज्याला बाजारात मरीन म्हणतात, तो आयएस ७१० या मानकाप्रमाणे ७२ तास उकळूनही सुटता कामा नये.

शीटवर नुसतं ‘७१०’ छापलेलं पाहून समाधान मानू नका. आयएसआय चिन्हाजवळ सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक असतो. तो बीआयएस केअर या मोबाइल अॅपवर टाकला की परवाना कोणाचा आणि कशासाठीचा ते दिसतं. पापुद्र्यांमधली लालसर-तपकिरी रेघ बघून ‘हा मरीनच’ असं सांगितलं जातं, पण गोंदात रंग मिसळता येतो. खात्री करायची तर वखारीतून चार इंची तुकडा मागा आणि घरी मोठ्या पातेल्यात दोन दिवस चार-चार तास उकळा. मधल्या रात्री वाळू द्या. दुसऱ्या दिवशी कोपऱ्यात सुरीचं टोक घालून पहा. थर उचलला जात असेल तर तो बीडब्ल्यूपी नाही. एक इशारा: एमआर घेताय हे माहीत असेल तर त्याला उकळून नापास करू नका, तो त्यासाठी बनलेलाच नाही.

कपाटाची बाजू भिंतीला आणि जमिनीजवळ असते, तिथे बीडब्ल्यूपी घ्या. मधल्या कोरड्या खोलीतल्या पुस्तकांच्या फळ्यांना एमआर पुरतो. तिथे जास्त पैसे घालण्यात अर्थ नाही.

७. एचडीएचएमआर वॉटरप्रूफ असतो ना? मग भिजला तरी चालेल?

नाही. तो ओलाव्याला टिकणारा आहे, पाण्यात राहणारा नाही. त्याचा सपाट चेहरा पाणी बराच वेळ अडवतो, पण कापलेली कड तंतूंची असते आणि पाणी तिथून आत ओढलं जातं. त्यामुळे एचडीएचएमआरचं दार मधून कधी फुगलेलं दिसत नाही. फुगतं ते खालच्या कडेला आणि बिजागरीच्या भोकाभोवती.

बोर्ड विकत घेण्याआधी एक तुकडा तपासता येतो. चार इंची तुकड्याची जाडी व्हर्नियरने मोजा, २४ तास पाण्यात बुडवून ठेवा, पुन्हा कडेला मोजा. साधा पार्टिकल बोर्ड १८ चा २० च्या आसपास गेलेला दिसतो आणि कडेला बोट लावलं तर चुरा हाताला येतो. चांगला एचडीएचएमआर खूपच कमी फुगतो. दोन दुकानांचे तुकडे एकाच बादलीत ठेवा, निर्णय आपोआप होईल.

८. एज बँडिंग, म्हणजे बोर्डाच्या कापलेल्या कडेवरची पट्टी, हाताने लावलं तर काय बिघडतं? आणि न दिसणाऱ्या कडांचं काय?

हाताने ब्रशने लावलेल्या फेविकॉलचा थर कुठे जाड, कुठे पातळ बसतो. जिथे पातळ, तिथून पट्टी पहिल्या-दुसऱ्या पावसाळ्यात उठते आणि पाणी आत शिरतं. मशीनवर गरम गोंदाने लावलेली पट्टी सलग बसते. नाशिकमध्ये पॅनल कापून, कडा लावून देणारी युनिट आहेत. सुताराला मापं लिहून द्यायला सांगा आणि बोर्ड तिथून आणा. दाराला २ मिमी, आतल्या फळ्यांना ०.८ मिमी पट्टी.

पण खरी चूक न दिसणाऱ्या कडांची होते. बाजूच्या पॅनलची खालची कड, मागची कड, फळीची मागची कड या सगळ्या उघड्याच राहतात कारण त्या कोणी पाहत नाही. ओल मात्र तिथूनच येते. जोडणी करण्यापूर्वी या सगळ्या कडांना लाकडाचा सीलर किंवा ऑइल प्राइमर दोन हात मारा, दोन हातांमध्ये वाळू द्या. बिजागरीसाठी ३५ मिमीचं भोक पाडलं की त्याच्या आतल्या भिंतीलाही एक हात. प्रत्येक दाराला दहा मिनिटांचं काम आहे. सुतार म्हणेल याची गरज नाही. तुम्ही आग्रह धरा.

९. सागवान सर्वात टिकाऊ म्हणतात. मग आमच्या सागवानी फळीला उन्हाळ्यात फट का पडली आणि पावसाळ्यात दार का अडकलं?

टिकाऊ आहे, पण स्थिर राहील असं नाही. टिकाऊ म्हणजे कुजत नाही, किडत नाही. स्थिर म्हणजे माप बदलत नाही. सागवान इतर लाकडांपेक्षा कमी हलतं, पण हलतं.

हिशेब असा. १६ इंची, म्हणजे सुमारे ४०० मिमी रुंद सलग फळी. उन्हाळ्यात लाकडातला ओलावा ८ टक्के, पावसाळ्यात १३ टक्के धरा. एका टक्क्याला सागवान रुंदीत साधारण ०.१८ टक्के हलतं. पाच टक्क्यांना ४०० मिमीच्या फळीत साडेतीन मिमीच्या वर फरक पडतो. चौकटीत घट्ट बसवलेल्या फळीला हे साडेतीन मिमी कुठेतरी काढावेच लागतात: फळी फुटते, नाहीतर चौकट ढकलली जाते.

हे प्रमाण सगळ्या फळ्यांना सारखं नाही. फळीच्या टोकाकडे पहा. वाढीची वलयं कमानीसारखी पडलेली दिसली तर ती फळी वरच्या हिशेबाप्रमाणे हलेल. वलयं उभ्या रेघांसारखी दिसली तर हालचाल जवळपास निम्मी. वखारीत फळ्या निवडायला मिळत असतील तर रुंद कामासाठी दुसऱ्या प्रकारच्या काढा.

पंचवटीतल्या, रविवार कारंजावरच्या जुन्या वाड्यांची दारं पिढ्यान्‌पिढ्या सरळ राहिली ती याच समजुतीवर. चौकट अरुंद पट्ट्यांची, आणि मधली फळी चौकटीच्या खोबणीत नुसती सरकवलेली. तिला ना खिळा, ना गोंद. फळी आत-बाहेर श्वास घेते, चौकट जागची हलत नाही. आजही सागवानी दार करायचं तर हेच करा, आणि मधल्या फळीभोवती खोबणीत दोन-तीन मिमी मोकळे सोडा. ते जमणार नसेल तर प्लायवर सागाचा व्हेनिअर घ्या. दिसायला साग, वागायला प्लाय.

१०. फळ्यांना झोल पडतो. जाडी वाढवू की लांबी कमी करू?

लांबी कमी करा. जाडी वाढवली की वजन आणि खर्च दोन्ही वाढतात. लांबी कमी केली की फायदा फार मोठा होतो. फुटाला तेवढीच पुस्तकं धरली तर तीन फुटी फळी दोन फुटी केल्यावर झोल पाचव्या हिश्श्यावर येतो.

१८ मिमी जाड, फूटभर रुंद, तीन फूट लांब एमडीएफच्या फळीवर तीसेक किलो पुस्तकं ठेवली तर मध्ये सहा-सात मिमी झोल लगेच येतो. प्लायचा निम्म्याच्या आसपास. दोन फुटी फळीवर एमडीएफचाही दीड मिमीच्या आत राहतो. हा पहिल्या दिवसाचा आकडा. बोर्डावर वजन कायम राहिलं की झोल वर्षागणिक वाढत जातो, आणि दमट महिन्यांत जास्त वेगाने.

म्हणून आमचे मापदंड: पार्टिकल बोर्ड दोन फुटांच्या आत, एमडीएफ आणि एचडीएचएमआर दोन फूट, प्लाय अडीच फूट, सागवान तीन फूट. जास्त लांबी हवीच असेल तर फळीच्या पुढच्या कडेखाली दीड इंच उंचीची पट्टी उभी चिकटवून स्क्रू करा.

प्लायच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. शीटच्या वरच्या पापुद्र्याचे तंतू आठ फुटी बाजूने धावतात. फळी त्याच दिशेने लांब कापली पाहिजे. शीट वाचवायला आडवी कापली तर तीच फळी बरीच कमजोर होते, आणि सनमायका लावल्यावर ते कोणाला ओळखता येत नाही. कापताना समोर उभे राहा.

११. नवं दार वर्षभरात धनुष्यासारखं वाकलं. प्लाय खराब होता का?

बहुतेक वेळा नाही. बाहेरून १ मिमी सनमायका आणि आतून नुसता रंग किंवा काहीच नाही, असं दार वाकतंच. बाहेरची बाजू बंद, आतली उघडी. पावसाळ्यात आतली बाजू ओलावा घेते आणि फुगते, दार बाहेरून पोकळ, आतून फुगीर होतं. आतून किमान ०.७-०.८ मिमीचा लायनर सनमायका लावा, म्हणजे दोन्ही बाजू सारख्या वागतात.

दुसरं कारण उंची. सहा फुटांच्या वर साधा प्लाय सरळ राहीलच असं नाही. ब्लॉकबोर्ड घ्या, आणि त्याच्या आतल्या पट्ट्या उंचीच्या दिशेने असू द्या. वाकलेलं दार सरळ करायला आतून बसवायची ताणाची पट्टी मिळते. चार-पाच मिमीपर्यंतचा बाक ती काढते, त्यापुढे दार बदलणंच बरं.

१२. ऑगस्टमध्ये कपाट उघडलं की कुबट वास आणि चामड्याच्या बुटांवर पांढरी बुरशी. माल बदलावा का?

माल बदलून हे जाणार नाही. बुरशीला थांबलेली दमट हवा लागते, सागवानाच्या कपाटातही ती धरते. आधी मागची फट तपासा (प्रश्न ५). मग कप्पे भिंतीपर्यंत खचाखच भरू नका, मागे दोन बोटं जागा सोडा. न वाळलेले, नुसते ‘जवळपास वाळलेले’ कपडे आत ठेवू नका. एका जड चादरीत उरलेलं पाणी बंद कप्प्याला पुरेसं असतं. ओलावा शोषणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे चालतात, पण त्यात साचलेलं पाणी वेळेवर ओता, सांडलं तर ते सनमायकाच्या कडेत शिरतं. डांबरगोळ्यांनी वास झाकला जातो, ओल नाही.

आलेली बुरशी कोरड्या फडक्याने झटकू नका, ती घरभर पसरते. साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा, पंखा लावून दारं उघडी ठेवा.

१३. कपाटाखाली पीठ पडतंय. वाळवी का?

पीठ बारीक, कोरडं आणि वर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं असतील तर तो भुंगा. वाळवी पीठ पाडत नाही; ती मातीच्या नळ्या करते आणि आतून पोखरते, वरून सगळं ठीक दिसतं. बोटाने ठोकल्यावर पोकळ आवाज येतो.

भुंगा प्लायमधल्या आणि सागवानाच्या पांढऱ्या, बाहेरच्या लाकडात लागतो. सागाचा तपकिरी गाभा सहसा टिकतो, म्हणून फळ्या घेताना पांढरा पट्टा असलेल्या नाकारा, किंवा तो कापून काढायला लावा. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्डाला भुंगा सहसा लागत नाही, पण वाळवी त्यांना सोडत नाही. ती भिंतीतून, विजेच्या पाइपमधून येते, म्हणून कपाटावर औषध मारून भागत नाही. भिंत आणि जमिनीच्या सांध्यात भोकं पाडून औषध सोडावं लागतं, आणि ते कपाट बसवण्याआधी सोपं जातं.

१४. सुताराला पावसाळ्यातच वेळ आहे. काम सुरू करू का?

प्लाय आणि बोर्डाचं करा, पण शीट भिंतीला उभ्या टेकवून ठेवू नका. जमिनीपासून वर, तीन ठिकाणी आधार देऊन आडव्या ठेवा, नाहीतर त्या वाकून बसतात. सलग सागवानाचं काम शक्य असेल तर दिवाळीनंतर घ्या. ऑगस्टमध्ये फुगलेल्या लाकडावर घट्ट बसवलेला सांधा मे महिन्यात उघडतो. पॉलिशही पावसात करू नका, थरात दमट हवा अडकून पांढरट झाक येते.

१५. पार्टिकल बोर्डाचं तयार कपाट आधीच घेतलंय. काही वाचवता येईल का?

फुगलं नसेल तर नक्की. ते रिकामं करा आणि जमिनीपासून उचला. खाली प्लास्टिकचे पाय किंवा कडाप्प्याचे तुकडे द्या. भिंतीपासून इंचभर पुढे घ्या. आडवं करून खालच्या सगळ्या उघड्या कडांना प्रश्न ८ मधला सीलर मारा. लादी पुसताना मॉप कपाटाच्या पायथ्याला टेकू देऊ नका. तळ जातो तो बहुतेक या रोजच्या पाण्यानेच.

बिजागरीचा स्क्रू सैल होऊन फिरत असेल तर जाड स्क्रू घालू नका, भोक आणखी फुटतं. भोक ८ मिमीच्या ड्रिलने साफ करा, गोंद लावून ८ मिमीची लाकडी खुंटी बसवा, रात्रभर वाळू द्या आणि मग त्या खुंटीत २.५ मिमीचं भोक पाडून जुनाच स्क्रू घट्ट करा. तळ आधीच फुगून चुरा होत असेल तर तो भाग कापून तिथे प्लायची पट्टी बसवणं हाच उपाय, सीलर त्यावर काम करत नाही.

१६. इगतपुरीला किंवा त्र्यंबकला घर आहे, वर्षातले काही दिवसच राहतो. तिथेही हेच?

नाही, तिथे नियम कडक करा. पावसाळाभर बंद घरात हवा हलतच नाही. एमडीएफ आणि पार्टिकल बोर्ड पूर्ण टाळा. सगळं बीडब्ल्यूपी प्लाय, दोन्ही बाजूंनी सनमायका, बैठक दगडाची. शक्य तिथे बंद कपाटाऐवजी उघड्या फळ्या किंवा जाळीची दारं. गाद्या आणि कपडे पावसाळ्याआधी नाशिकला आणा. घर बंद करताना कपाटाची सगळी दारं आणि ड्रॉवर उघडे ठेवून निघा.

१७. जुना वाडा पाडला, सागवानी तुळया मिळाल्या. त्याच्या फळ्या काढून वॉर्डरोब करता येईल?

करता येईल, आणि जुनं वाळलेलं सागवान आज सहज मिळत नाही, म्हणून ते सरपणाच्या भावात जाऊ देऊ नका. पण तीन गोष्टी. कापायला देण्याआधी तुळई धातू शोधणाऱ्या यंत्राने तपासा. आत मोडलेले हाताने घडवलेले खिळे असतात आणि ते करवतीचं पातं घालवतात. भिंतीत गाडलेली टोकं बहुतेक कुजलेली असतात, ती दीड-दोन फूट धरून सोडा. आणि जुनं म्हणजे हलत नाही असं समजू नका. तुळईचा गाभा वाड्याच्या जाड भिंतींत वेगळ्या ओलाव्यावर होता. फळ्या काढल्यावर त्या मध्ये काड्या घालून, सावलीत, हवेशीर ठिकाणी किमान दोन महिने रचून ठेवा आणि ओलावा मोजायच्या यंत्रावर १०-१२ टक्के आल्यावरच रंधा लावा. प्रश्न ९ मधली खोबणीची चौकट या लाकडासाठीही तशीच लागते.